पेआउटची पट्टी विक्रेत्याला वाचता येईल अशी द्या

प्रति,
ऑनलाइन बाजारपेठ चालवणाऱ्या सर्व कंपन्यांचे विक्रेता-देयक विभाग

विषय : पेआउटच्या शीटमध्ये धरलेले वजन, मूळ ऑर्डरचा संदर्भ आणि कराचा महिना दाखवण्याबाबत

महोदय,

मी सोलापुरात चादरी, टॉवेल आणि नॅपकिन ऑनलाइन विकणाऱ्या लहान व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो. तुमच्याकडून येणारी पेआउटची शीट माझ्यासमोर सतत उघडी असते. त्या शीटमधल्या बेरजा बहुतेक वेळा बरोबर असतात, हे आधीच सांगतो. माझे म्हणणे वेगळे आहे. बँकेत जमा झालेली रक्कम कशी निघाली, एवढेच तुमची शीट सांगते. विक्रेत्याला मात्र आणखी तीन गोष्टी कळायला हव्या असतात : या विक्रीत माझे खरे किती झाले, कापलेल्यापैकी किती मला परत मिळणार आहे, आणि पार्सलचे वजन तुम्ही किती धरले. यातल्या पहिल्या दोन गोष्टी खटपट करून शीटमधून काढता येतात. तिसरी काढताच येत नाही.

हे पत्र तुम्हाला लिहिले असले तरी तुमचे विक्रेतेही ते वाचतील, म्हणून एक ऑर्डर पूर्ण उलगडून मांडतो. कमिशन आणि फीचे दर उदाहरणासाठी घेतले आहेत, कारण ते कंपनीगणिक आणि वस्तूगणिक बदलतात. कराचे दर मात्र कायद्यातले आहेत.

जानेवारी २०२५ मधली ऑर्डर. विक्रेता सोलापूरचा, ग्राहक पुण्याचा. एक सुती सोलापुरी चादर, ग्राहकाने भरलेली किंमत ९४५ रुपये. तेव्हा हजार रुपयांच्या आतल्या चादरीवर पाच टक्के जीएसटी होता, म्हणजे मालाची किंमत ९०० आणि कर ४५ रुपये. शीटमध्ये ही ऑर्डर साधारण अशी उतरते :

विक्री किंमत (करासह) : ९४५.००
कमिशन, १२ टक्के : वजा ११३.४०
फिक्स्ड फी : वजा २५.००
शिपिंग फी : वजा ८०.००
फीवरचा जीएसटी, १८ टक्के : वजा ३९.३१
टीसीएस, ०.५ टक्के : वजा ४.५०
टीडीएस, ०.१ टक्के : वजा ०.९०
बँकेत जमा : ६८१.८९

हे वाचणारा माणूस पहिल्यांदा काय करतो, तर ९४५ मधून ६८१.८९ वजा करतो आणि म्हणतो, कंपनीने २६३ रुपये घेतले. हा आकडा चुकीच्या जागी रागावायला लावतो. या २६३ रुपयांत तीन वेगवेगळ्या जातीचे पैसे आहेत आणि तुमच्या शीटने ते एकाच वजाबाकीत, एकाच रंगात छापले आहेत.

पहिली जात तुमच्या मोबदल्याची : कमिशन, फिक्स्ड फी आणि शिपिंग, मिळून २१८.४०. हा खर्च, गेला तो गेला. इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. कमिशन बारा टक्के म्हटले तरी अनेक ठिकाणी ते ९०० वर न लागता करासकट ९४५ वर लागते. ते ४५ रुपये विक्रेत्याचे कधीच नव्हते, सरकारचे होते. म्हणजे विक्रेत्याच्या स्वतःच्या ९०० रुपयांवर कमिशन १२.६ टक्के पडले. भाव ठरवताना हाच दर धरायला हवा, आणि तुमच्या दरपत्रकात तो कुठे दिसत नाही.

दुसरी जात फीवरच्या जीएसटीची, ३९.३१. विक्रेता जीएसटीत नोंदलेला असेल तर हा खर्च नाही. तुम्ही महिन्याला जे कर-बिल देता त्यावर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक बरोबर असला आणि ते बिल जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या त्याच्या खरेदी-बिलांच्या यादीत, उतरले, की हे पैसे त्याला इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे स्वतःच्या देय करातून वजा करायला, मिळतात. पण शीट आठवड्याची आणि बिल महिन्याचे, त्यात रिटर्नवरच्या क्रेडिट नोट वेगळ्या फाइलमध्ये. त्यामुळे शीटमधला फीवरचा कर आणि बिलातला कर जुळवायला बसले की एक अख्खी संध्याकाळ जाते, आणि बहुतेक विक्रेते ती घालवत नाहीत. क्रेडिट घ्यायची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यातले जे आधी येईल ते. त्यानंतर हे पैसे खरोखरच खर्चात जातात.

तिसरी जात उगमस्थानी कापलेल्या दोन करांची, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. टीसीएस आणि टीडीएस ही नावे कानाला सारखी, शीटमध्ये कॉलम शेजारी-शेजारी, म्हणून लोक दोन्ही एकाच खात्यात टाकतात. ते दोन वेगळ्या कायद्यांचे आहेत आणि दोन वेगळ्या दारांनी परत येतात.

टीसीएस जीएसटीचा. १ ऑक्टोबर २०१८ पासून तुम्ही तो गोळा करता. आधी दर एक टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का झाला. तो करपात्र किमतीवर लागतो, म्हणजे आपल्या उदाहरणात ९०० वर, ९४५ वर नाही. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर पाव टक्का केंद्राच्या आणि पाव टक्का राज्याच्या नावाने, २.२५ आणि २.२५. ग्राहक दुसऱ्या राज्यातला असेल तर अख्खे ४.५० आयजीएसटीच्या नावाने. तुम्ही पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत जीएसटीआर-८ भरता आणि त्यात प्रत्येक विक्रेत्याच्या क्रमांकासमोर त्याची निव्वळ विक्री, म्हणजे रिटर्न वजा जाता उरलेली विक्री, आणि टीसीएस लिहिता. पुढचे काम विक्रेत्याचे. त्याने जीएसटी पोर्टलवर `TDS and TCS Credit Received` हे पान उघडून नोंदी तपासायच्या, मान्य करायच्या आणि ते विवरण दाखल करायचे. मगच रक्कम त्याच्या कॅश लेजरमध्ये येते आणि कर भरायला वापरता येते. हे पान वर्षभर न उघडलेले विक्रेते माझ्याकडे येतात. पैसे त्यांच्याच नावावर पडून असतात, आणि ते मात्र दर महिन्याला बँकेतून पूर्ण कर भरत राहतात. तुमच्या शीटमध्ये टीसीएसच्या कॉलमखाली एक ओळ, ‘ही रक्कम जीएसटी पोर्टलवर मान्य करून घ्या’, एवढी लिहायला काय अडचण आहे?

टीडीएस आयकराचा. ई-कॉमर्ससाठीचे १९४-ओ कलम १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाले. कायद्यातला मूळ दर एक टक्का होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाला. म्हणून आपल्या ऑर्डरवर तो फक्त नव्वद पैसे आहे. विक्रेता व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल, वर्षातली विक्री त्या एका कंपनीवर पाच लाखांपर्यंत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेले असेल, तर तो कापायचाच नसतो. हे दोन्ही दिले नसेल तर पाच टक्के जातात. चादर विकणाऱ्याचा नफा बघता हा मोठा घास आहे, म्हणून नव्या विक्रेत्याच्या पहिल्या शीटमध्ये मी आधी टीडीएसचा कॉलम बघतो. ९०० वर नव्वद पैशांऐवजी ४५ रुपये दिसले, की पॅनच्या नोंदीत काहीतरी बिघडले आहे. हा कर आयकर खात्याच्या २६एएस या पत्रकात दिसतो आणि वर्षाच्या शेवटी आयकर विवरणपत्रात वळता होतो. जीएसटीच्या कॅश लेजरमध्ये तो कधीच येणार नाही, तिथे शोधू नये.

आता ही ऑर्डर पुन्हा मोजू. बँकेत आले ६८१.८९. त्यातले ४५ रुपये विक्रीवरचा जीएसटी, तो सरकारला द्यायचा. उरले ६३६.८९. फीवरच्या जीएसटीचे ३९.३१ क्रेडिट मिळाले, टीसीएसचे ४.५० लेजरमध्ये आले, टीडीएसचे नव्वद पैसे आयकरात वळते झाले. मिळून ४४.७१. म्हणजे चादरीचे खरे हाती आले ६८१.६०. उलट बाजूने ताळा करून बघा : ९०० मधून तुमची फी २१८.४० वजा केली तरी ६८१.६० च येतात. बँकेतला आकडा आणि हा आकडा यांत एकोणतीस पैशांचा फरक आहे, आणि त्यामुळेच फसगत होते. विक्रेत्याला वाटते, बँकेत आले तेवढे आपले. ते आपले तेव्हाच, जेव्हा तिन्ही दारांतून ४४.७१ परत आणले जातात. नाही आणले, तर चादर ६३६.८९ ला विकली गेली. चादरीची खरेदी आणि पिशवी मिळून, खरेदीवरचा जीएसटी वगळून, ५३५ रुपये धरले, तर नफा १४६.६० होतो की १०१.८९, हे या एका गोष्टीवर ठरते.

आता महिन्याचा प्रश्न. चादर २९ जानेवारीला बिल होऊन निघाली, ३ फेब्रुवारीला ग्राहकाला पोचली, पेआउट १२ फेब्रुवारीला आले. जीएसटीसाठी ही जानेवारीची विक्री आहे. दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्याने जानेवारीच्या विक्रीचे विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-१, ११ फेब्रुवारीपर्यंत भरायचे असते, म्हणजे पैसे यायच्या आधीच. तुमची शीट मात्र ही ऑर्डर फेब्रुवारीच्या पेआउटमध्ये दाखवते. जो विक्रेता बँकेत जमा झालेली रक्कम हीच विक्री समजून विवरणपत्र भरतो, त्याची चूक दुहेरी होते : महिना चुकतो आणि ९०० च्या जागी ६८१.८९ लिहिले जाते. तिकडे तुमच्या जीएसटीआर-८ मध्ये जानेवारीत ९०० गेलेले असतात. जीएसटीआर-१ च्या तक्ता १४ मध्येही ई-कॉमर्स कंपनीमार्फत झालेली विक्री तुमच्या क्रमांकासह वेगळी दाखवायची असते, तेव्हा ही तफावत खात्याला बसल्या जागी दिसते आणि नोटीस येते. विक्रेत्याने काही लपवलेले नसते, त्याने फक्त तुमची शीट भाबडेपणाने वाचलेली असते. प्रत्येक ओळीत पेआउटच्या तारखेशेजारी बिलाची तारीख आणि टीसीएस कोणत्या महिन्यात भरला, ही दोन घरे असतील तर हा घोळ होणारच नाही. तुमच्याकडे दोन्ही माहिती आहे, नाहीतर जीएसटीआर-८ भरताच आला नसता.

रिटर्नबद्दल थोडे. समजा तीच चादर ग्राहकाने परत केली. पुढच्या एखाद्या पेआउटमध्ये ९४५ वजा झाले, कमिशन ११३.४० त्यावरच्या करासह परत आले, पण फिक्स्ड फीचे २५ आणि जातानाच्या शिपिंगचे ८० परत आले नाहीत, वर परतीच्या शिपिंगचे ९५ लागले. म्हणजे २०० रुपये गेले आणि त्यावर ३६ रुपये जीएसटी, जो क्रेडिटने येईल. एक रिटर्न एका चादरीच्या नफ्याहून जास्त खातो. हे दर तुमच्या अटींत असतात आणि विक्रेत्याने ते मान्य केलेले असतात, त्यावर माझे भांडण नाही. पण रिटर्नची ओळ येते तेव्हा मूळ ऑर्डर कोणत्या पेआउटमध्ये होती, हे तिच्यावर नसते. आणि ग्राहकाने उघडून परत केलेली पिशवी आणि कुरिअरने ग्राहकापर्यंत न पोचवता परत आणलेली आरटीओची पिशवी, दोन्ही बऱ्याच शीटमध्ये ‘रिटर्न’ याच नावाखाली असतात. विक्रेत्यासाठी हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात रंग, फोटो किंवा मापात काहीतरी खोट असते. दुसऱ्यात पत्ता, फोन किंवा कॅश ऑन डिलिव्हरीचा प्रश्न असतो. नाव एकच असल्यावर उपाय कशावर करायचा?

आता वजनाकडे येतो. हे पत्र खरे तर त्यासाठीच आहे.

सोलापूरच्या बाजार समितीत कांदा घेऊन गेलेल्या शेतकऱ्याच्या हातात आडत्याची पट्टी पडते. तिच्यावर वजन, भाव, हमाली, तोलाई हे सगळे ओळीने लिहिलेले असते. वजन पटले नाही तर काटा समोर असतो. तुमच्या शीटमध्ये शिपिंग फी ८० एवढेच असते. किती किलोवर ८०, हे नसते.

घडीची चादर काट्यावर १.३ किलो भरते. शिपिंग अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने लागते, म्हणून ती दीड किलोच्या टप्प्यात बसते, ८० रुपये. पण तुम्ही काट्यावरच्या वजनाबरोबर आकारमानावरचे वजनही काढता आणि दोन्हींत जे जास्त ते धरता. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून अनेक ठिकाणी ५००० ने भागतात. पिशवी ३५ बाय २८, उंची ७ असेल तर ६८६० भागिले ५०००, म्हणजे १.३७ किलो. टप्पा तोच, दीड किलोचा. तीच पिशवी सैल बांधली, हवा राहिली आणि यंत्राने उंची ८ घेतली, की ७८४० भागिले ५०००, म्हणजे १.५७ किलो. आता टप्पा दोन किलोचा, आणि समजा त्याचा दर १०२. एका सेंटिमीटरने बावीस रुपये आणि वरचा कर. चादर तीच, वजन तेच.

मापण्याची पद्धत चुकीची आहे असे मी म्हणत नाही. गाडीत जागा लागते, तिचे पैसे लागणारच. पण मऊ कापडी पार्सल ही काही पुठ्ठ्याची पेटी नव्हे. ते पोत्यात दाबले जाते, फुगते, यंत्राखाली तिरके जाते. आमच्या हिशेबांत एकाच चादरीच्या, एकाच अंतराच्या विभागातल्या ऑर्डरींवर शिपिंगच्या दोन-दोन रकमा दिसतात. हे ओळखायची युक्ती विक्रेत्यांनी लक्षात ठेवावी : शीटला फिल्टर लावून एकच वस्तू आणि एकच विभाग निवडायचा आणि शिपिंगचा कॉलम बघायचा. सगळीकडे एकच आकडा हवा. काही ओळींत पुढच्या टप्प्याचा आकडा दिसला, तर त्या पार्सलची मापे वेगळी घेतली गेली आहेत. विभाग न निवडता तुलना केली तर काही कळत नाही, कारण स्थानिक आणि परराज्याचे दर मुळातच वेगळे असतात.

यापेक्षा वाईट प्रकार उशिरा येणाऱ्या वजन-दुरुस्तीचा. ऑर्डरचा हिशेब पूर्ण झालेला असतो. नंतरच्या एखाद्या पेआउटमध्ये ‘ॲडजस्टमेंट’ या नावाने एक रक्कम कापलेली दिसते, आणि कधीकधी तिच्यासमोर ऑर्डर क्रमांकसुद्धा नसतो. आमच्या एका व्यापाऱ्याला अशा कपातीचे कारण विचारल्यावर उत्तर मिळाले की तक्रारीची मुदत संपली आहे. ज्या ओळीवर ऑर्डरच लिहिलेली नाही, तिच्याबद्दल मुदतीत तक्रार करायची तरी कशी?

विक्रेत्यांच्या हातात आहे ते त्यांनी करावे. चादर दाबून, हवा काढून, घट्ट पिशवीत भरावी. प्रत्येक प्रकारच्या एका पार्सलचा काट्यावरचा आणि टेप लावलेला फोटो ठेवावा. नोंदणी करताना दिलेली मापे पिशवीची आहेत की नुसत्या चादरीची, हे पुन्हा तपासावे. पण बाकीचे तुमच्या हातात आहे. तुमच्या गोदामातले यंत्र प्रत्येक पार्सलची लांबी, रुंदी, उंची आणि वजन नोंदवते, त्याशिवाय टप्पा ठरूच शकत नाही. ते चार आकडे शीटमध्ये शिपिंग फीच्या आधी छापा. टप्पा बदलला असेल तर यंत्राने घेतलेला फोटो त्या ओळीला जोडा. वजन-दुरुस्तीच्या प्रत्येक कपातीवर मूळ ऑर्डर क्रमांक द्या, आणि तक्रारीची मुदत पार्सल मोजल्या दिवसापासून न धरता ही ओळ विक्रेत्याला दिसल्या दिवसापासून धरा.

कॉलमची नावे मराठीतही मिळावीत, ही विनंती वेगळी करतो, कारण ती सगळ्यात सोपी आहे. सोलापुरातल्या यंत्रमागाच्या गल्लीत शीट वाचणारे अनेक जण मराठी वा तेलुगू बोलणारे आहेत. ॲपवर वस्तू विकायचे आमंत्रण तुम्ही त्यांना त्यांच्या भाषेत देता, हिशेबही तसाच द्या.

नव्या शीटचा नमुना तयार झाला तर तो आधी आमच्यासारख्या हिशेब लिहिणाऱ्यांना दाखवा. एका महिन्याच्या खऱ्या ऑर्डरी त्यात भरून, बँकेची रक्कम, कर-बिल आणि जीएसटीआर-८ या तिन्हींशी ती जुळते की नाही, हे आम्ही तपासून देऊ, आणि त्यासाठी मोबदला मागणार नाही.

आपला,
सोलापुरातला एक हिशेबनीस